चार बाजू आणि न मोजलेला कर्ण

पाटसला पुणे-सोलापूर हायवेच्या कडेची जमीन विकायला निघाली की बोलणं एकराचं राहत नाही, गुंठ्यावर येतं. गेल्या उन्हाळ्यात गावातले एक तात्या संध्याकाळी माझ्याकडे आले. त्यांच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता. कागदावर चौकोन काढलेला आणि चारही बाजूंवर एकच आकडा, 165 फूट. त्यांचा प्रश्न सरळ होता: ‘‘सर, हे किती गुंठं भरतंय तेवढं सांगा.’’ माझ्याकडे स्पर्धा परीक्षेच्या गणितासाठी येणारी पाच-सहा मुलं तिथेच बसली होती. 33 फूट म्हणजे एक साखळी, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे इथल्या पोरांना पाठ असतं. 165 ला 33 ने भागून पाच, पाच गुणिले पाच पंचवीस. एकाने कागदाला हात न लावता सांगून टाकलं, ‘‘तात्या, पंचवीस गुंठे.’’

त्या दिवशी आम्ही जो प्रकार सोडवत होतो, त्याच प्रकारात तो मुलगा चुकला होता. इंग्रजीत त्याला डेटा सफिशियन्सी म्हणतात. मराठी पुस्तकांत ‘माहितीची पर्याप्तता’ असा शब्द दिसतो, मुलं मात्र इंग्रजी नावच वापरतात. या प्रकारात एक प्रश्न असतो आणि त्याखाली दोन विधानं. उत्तर किती येतं हे सांगायचं नसतं, उत्तर काढायला ही विधानं पुरतात का, एवढंच ठरवायचं असतं. पहिलं एकटंच पुरतं, दुसरं एकटंच पुरतं, दोन्हींपैकी कोणतंही एक पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत? केंद्रीय लोकसेवा आयोगाने 2011 साली पूर्वपरीक्षेत सीसॅटचा पेपर आणला, त्याच्या अभ्यासक्रमात हा प्रकार नावानिशी आहे आणि पातळी दहावीची सांगितली आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने 2013 पासून राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत तोच साचा घेतला. बँकांच्या परीक्षांत तो असतो, एमबीएच्या प्रवेश परीक्षांत असतो. दहावीचंच गणित असताना आणि आकडेमोडही नसताना हा प्रकार इतक्या मुलांना का अडतो, हे मला या लेखात तपासायचं आहे. त्यासाठी तात्यांच्या कागदापेक्षा चांगलं उदाहरण माझ्यापाशी नाही.

चार बाजू पाच-पाच साखळ्यांच्या आहेत, एवढ्यावर शेत चौरस ठरत नाही. बांबूच्या चार सारख्या काठ्या टोकांना सुतळीने बांधून चौकट करा आणि समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. काठ्या तेवढ्याच राहतात, चौकट चेपत जाते. चौरस होता तेव्हा आतली जागा 25 गुंठे. एक कर्ण सहा साखळ्या होईपर्यंत ती चेपली की दुसरा कर्ण आठ साखळ्यांचा होतो आणि क्षेत्रफळ 24 गुंठे उरतं. आणखी ओढली, एक कर्ण 2.8 साखळ्या आणि दुसरा 9.6 झाला, की आत फक्त 13.44 गुंठे राहतात. बांध तोच, कुंपणाची तार तेवढीच लागणार आणि जमीन जवळजवळ निम्मी. कागदावर लिहिलेल्या चार आकड्यांत यातलं कोणतं शेत आहे हे सांगणारं काहीच नव्हतं.

हे आकडे मी पदरचे घेतलेले नाहीत. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या लीलावतीत हेच उदाहरण पाचपट मोठं करून दिलेलं आहे. चारही बाजू 25 असलेला चौकोन घेऊन एक कर्ण 30 धरला तर दुसरा 40 आणि क्षेत्रफळ 600. एक कर्ण 14 धरला तर दुसरा 48 आणि क्षेत्रफळ 336. दोन्ही कर्ण सारखे असतील तर 625. त्यांच्या आधी पाचशे वर्षांपूर्वी, 628 साली, ब्रह्मगुप्ताने चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या दोन रीती दिल्या होत्या. एक स्थूल: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. दुसरी सूक्ष्म, वर्गमुळाची. दोन्ही रीतींना फक्त चार बाजू लागतात. 25 बाजूच्या चौकोनाला दोन्हींतून 625 च येतात, शेत कसंही चेपलेलं असो. सूक्ष्म रीत चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात अशाच चौकोनाला लागू पडते, पण ती अट तिथे लिहिलेली नाही. भास्कराचार्यांचा आक्षेप नेमका यावर आहे. लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता जो चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारतो त्याला ते पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देतो तो त्याहून वरचा पिशाच. मुलांना मी सांगतो की आपल्या भागातला पर्याप्ततेचा पहिला प्रश्न हाच, आणि ‘माहिती अपुरी’ हा पर्याय एका मराठी मुलखाशी नातं असलेल्या गणितज्ञाने साडेआठशे वर्षांपूर्वीच निवडून ठेवलेला आहे. या नात्याची साक्ष देणारा चाळीसगावजवळच्या पाटणदेवीच्या देवळातला शिलालेख, ज्यात त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

ब्रह्मगुप्ताची स्थूल रीत मात्र गावोगाव अजून चालते. समोरच्या दोन बाजूंची बेरीज भागिले दोन, उरलेल्या दोन बाजूंची बेरीज भागिले दोन, गुणाकार केला की झाले गुंठे. या रीतीची चूक नेहमी एकाच बाजूला जाते. ती खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवत नाही. शेत काटकोनी असेल तर बरोबर येते, नाहीतर जास्तच येते. म्हणजे या हिशोबावर व्यवहार झाला तर नुकसान दर वेळी घेणाऱ्याचंच होतं.

आता तात्यांचा कागद परीक्षेच्या भाषेत मांडू. प्रश्न: शेताचं क्षेत्रफळ किती? विधान 1: शेताच्या चारही बाजू पाच-पाच साखळ्यांच्या आहेत. विधान 2: शेताचा एक कर्ण सहा साखळ्यांचा आहे. पहिलं विधान एकटं पुरत नाही, हे आपण बांबूच्या चौकटीवर पाहिलं. दुसरं एकटं पुरत नाही, कारण सहा साखळ्यांच्या कर्णावर हवं तेवढं मोठं शेत उभं राहील. दोन्ही मिळून मात्र शेत पक्कं होतं: कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच-सहाचे दोन त्रिकोण बसतात आणि त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्रिकोण हलत नाही. उत्तर, दोन्ही मिळून पुरतात. 24 गुंठे काढण्याची इथे गरजच नाही. परीक्षेत जो मुलगा ते काढत बसतो तो एक मिनिट घालवतो आणि त्याला गुण तेवढेच मिळतात.

यामागचा हिशोब मापांच्या संख्येचा आहे. त्रिकोण पक्का व्हायला तीन मापं लागतात, चौकोन पक्का व्हायला पाच. चार बाजू म्हणजे चार मापं, एक कमी. म्हणून विधानं वाचण्याच्या आधी प्रश्नाकडे बघून ‘मला एकूण किती गोष्टी कळायला हव्यात’ हे ठरवणं ही या प्रकारातली पहिली पायरी. बहुतेक मुलं ती गाळतात. ती थेट विधानातले आकडे उचलतात, कारण शाळेत आपल्याला त्रैराशिकाची सवय लागलेली असते. तीन आकडे दिसले की चौथा निघालाच पाहिजे. शाळेच्या पुस्तकातल्या उदाहरणात दिलेला प्रत्येक आकडा वापरायचाच असतो आणि कमी कधी पडत नाही. ही सवय फक्त आपल्याकडची नाही. 1980 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या शिक्षकांनी लहान मुलांना विचारलं होतं की जहाजावर इतक्या मेंढ्या आणि इतक्या शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून वय सांगितलं. तात्यांना पंचवीस गुंठे सांगणारा मुलगा त्या 76 जणांच्याच रांगेतला होता, फक्त तो वीस वर्षांचा होता.

मापं मोजण्याची ही रीत चांगली असली तरी तेवढ्यावर विसंबणारा दुसऱ्या टप्प्यावर अडकतो. पेपर काढणाऱ्यांनाही ती माहीत असते आणि खरे प्रश्न ती जिथे फसते तिथेच काढलेले असतात. ती तीन-चार ठिकाणी फसते.

पहिली जागा म्हणजे नवं वाटणारं जुनंच विधान. पहिलं विधान तेच ठेवा, चार बाजू पाच-पाच साखळ्या. दुसरं असं घ्या: शेताचे दोन्ही कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात. कानाला हे पाचवं माप वाटतं. पण चारही बाजू सारख्या असलेल्या कोणत्याही चौकोनाचे कर्ण काटकोनातच छेदतात. पहिल्या विधानात हे आधीच आलेलं आहे. बांबूची चौकट कशीही चेपा, हा काटकोन मोडत नाही, म्हणून तो शेताबद्दल नवीन काहीच सांगत नाही. दोन्ही मिळूनही अपुरीच. ‘शेताची परिमिती 20 साखळ्या आहे’ हे विधानही असंच, पण ते चटकन ओळखू येतं. बीजगणितात याच गोष्टीचं रूप म्हणजे दोन समीकरणं, ज्यातलं दुसरं पहिल्याची दुप्पट असतं. ‘दोन अज्ञात, दोन समीकरणं, म्हणजे पुरेशी’ हे वाक्य पाठ केलेली मुलं इथे हमखास पडतात. पारखायची खूण अशी: पहिलं विधान पाळून काहीतरी हलवता येतंय का ते बघा, आणि ते हलवल्यावर दुसरं विधान खोटं पडतं का ते बघा. पडत नसेल तर त्याने काही धरून ठेवलेलं नाही. त्याऐवजी दुसरं विधान ‘शेताचा एक कोपरा काटकोनी आहे’ असं असतं तर चौकट हलवताच तो काटकोन मोडला असता, म्हणून ते पुरलं असतं.

दुसरी जागा याच्या उलट आहे. कधी कधी सगळं शेत पक्कं न होताही विचारलेली गोष्ट पक्की होते. समजा दुसरं विधान आहे: शेताचे कर्ण सहा आणि आठ साखळ्यांचे असून ते काटकोनात छेदतात. बाजू माहीत नाहीत. या कर्णांवर पतंगासारखं शेत बसेल, समभुज बसेल, वेडंवाकडंही बसेल. शेताचा आकार ठरलेला नाही. पण कर्ण काटकोनात असले की क्षेत्रफळ त्यांच्या गुणाकाराच्या निम्मं, 24 गुंठे, मग आकार कोणताही असो. हे विधान एकटंच पुरतं आणि बाजूंचं पहिलं विधान लागतच नाही. माझ्याकडची हुशार मुलं इथे चुकतात, कारण ‘शेत काढता येत नाही, म्हणजे उत्तर काढता येत नाही’ असं त्यांना वाटतं. प्रश्नाने जेवढं मागितलं आहे तेवढंच बघायचं. दोन संख्यांचं गुणोत्तर मागितलं असेल तर संख्या कळायची गरज नाही, आणि बेरीज मागितली असेल तर प्रत्येकीची किंमत लागत नाही.

हे विधान तपासताना पहिलं विधान डोक्यातून पुसून टाकावं लागतं, आणि ते म्हणण्याइतकं सोपं नाही. चार सारख्या बाजू एकदा वाचल्या की मन नकळत चौरसच बघत राहतं. कर्णांबद्दलच्या विधानात ‘काटकोनात’ हा शब्द नसेल, नुसते सहा आणि आठ एवढंच असेल, तर ते एकटं अपुरं आहे, कारण कर्णांमधला कोन माहीत नाही. पण पहिलं विधान डोक्यात राहिलेला मुलगा तो काटकोन स्वतःच भरतो आणि दुसरं एकटं पुरतं म्हणून सांगतो. मी मुलांना सरळ हाताने पहिलं विधान झाकायला लावतो. संगणकावरच्या परीक्षेत हात ठेवता येत नाही, तेव्हा कच्च्या कागदावर फक्त दुसरं विधान उतरवून घ्यायला सांगतो.

तिसरी जागा ‘हो किंवा नाही’च्या प्रश्नांची, आणि सगळ्यात जास्त गुण मी इथे जाताना पाहिले आहेत. विधान तेच, चार बाजू पाच-पाच साखळ्या. पण प्रश्न असा घ्या: शेत 25 गुंठ्यांहून मोठं आहे का? चेपलेल्या चौकटीची उंची काठीच्या लांबीपेक्षा जास्त होऊच शकत नाही, म्हणून क्षेत्रफळ 25 च्या वर जाणार नाही. उत्तर ठाम ‘नाही’. तेव्हा विधान पुरेसं आहे. इथे मुलं दोन गोष्टींची गल्लत करतात. उत्तर ‘नाही’ आलं की ती ‘पुरेसं नाही’वर खूण करून मोकळी होतात. प्रश्नाचं उत्तर नकारार्थी असणं वेगळं आणि माहिती अपुरी असणं वेगळं. आता तोच प्रश्न एका गुंठ्याने बदला: शेत 24 गुंठ्यांहून मोठं आहे का? चौरस असेल तर हो, बरंच चेपलेलं असेल तर नाही. आता तेच विधान अपुरं. एकच वाक्य, ‘चार बाजू पाच-पाच साखळ्या’, एका प्रश्नाला पुरलं आणि दुसऱ्याला पुरलं नाही. पुरेसेपणा विधानाच्या अंगी नसतो, प्रश्न आणि विधान यांच्या जोडीत असतो. अपुरं सिद्ध करायलाही आकडेमोड लागत नाही. विधान पाळणारी दोन शेतं दाखवायची, एकाचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, की काम झालं. ती दोन शेतं शोधताना एक सरळ आणि एक टोकाचं घ्यावं. दोन्ही सारखीच घेतली तर फरक दिसत नाही.

चौथी जागा शेत सोडून खताच्या दुकानात सापडते. युरियाची गोणी 45 किलोची येते, डीएपीची 50 किलोची. प्रश्न: टेम्पोत युरियाच्या किती गोण्या भरल्या? विधान 1: टेम्पोत फक्त युरिया आणि डीएपीच्या गोण्या असून एकूण वजन 430 किलो आहे. विधान 2: एकूण गोण्या 9 आहेत. अज्ञात दोन, पहिल्या विधानात समीकरण एक, म्हणून अपुरं, आणि दोन्ही मिळून पुरेशी, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. पण गोणी अर्धी भरत नाही. दोन्ही वजनांना पाचाने भागा: युरियाच्या गोण्यांची नऊपट अधिक डीएपीच्या गोण्यांची दहापट, बेरीज 86. दहापटीचा शेवटचा अंक शून्यच असतो, म्हणून 86 मधला सहा नऊपटीतून यायला हवा. नवाच्या पाढ्यात सहावर संपणारा 36 आहे, म्हणजे चार गोण्या. पुढचा 126, तो 86 च्या बाहेर गेला. युरियाच्या चारच, डीएपीच्या पाच. पहिलं विधान एकटंच पुरलं. वजन 930 किलो केलं तर मात्र चार आणि पंधरा हे एक उत्तर, चौदा आणि सहा हे दुसरं, आणि विधान पुन्हा अपुरं. 900 किलोला तीन उत्तरं येतात: नुसता डीएपी, नुसता युरिया, किंवा युरियाच्या दहा आणि डीएपीच्या नऊ. मूळ प्रश्नात ‘दोन्ही प्रकारच्या गोण्या होत्या’ एवढे शब्द असतील तर पहिली दोन गळतात आणि 900 सुद्धा पुरतं. पूर्ण संख्यांची ही समीकरणं आपल्या गणितात कुट्टक नावाने शतकानुशतकं सोडवली जात होती. माणसं, जनावरं, गोण्या, तिकिटं, नोटा असं काही मोजण्याजोगं प्रश्नात आलं की ‘समीकरण एक, अज्ञात दोन’ हा नियम बाजूला ठेवून शेवटचा अंक तपासायला हवा. आकडेमोड न करता निर्णय घ्यायचा, हे या प्रकाराचं वर्णन इथे थोडं सैल करावं लागतं. उत्तर काढायचं नसतं, पण उत्तर एकच आहे याची खात्री करायला कधी कधी चार ओळी कराव्याच लागतात.

आणि पाच मापांचं माझं ‘पक्कं’ शेत? तेही एका ठिकाणी हलतं. समजा बाजू 5, 5, 8.5 आणि 8.5 साखळ्या आहेत, आणि पाच-पाचच्या बाजू ज्या टोकांवर साडेआठच्या बाजूंना मिळतात त्या टोकांमधलं अंतर आठ साखळ्या आहे. एक त्रिकोण 12 गुंठ्यांचा, दुसरा 30 चा. दोन्ही त्रिकोण आठच्या रेषेच्या दोन बाजूंना असतील तर शेत 42 गुंठे. पण पाच-पाचचा कोपरा आत वळलेला असेल, शेत बाणाच्या टोकासारखं असेल, तर 30 मधून 12 जाऊन 18 च गुंठे. बांधावर उभ्या माणसाला हा फरक डोळ्यांनी दिसतो, कागदावरच्या आकड्यांना दिसत नाही. म्हणून नीट काढलेल्या पेपरात आकृती तरी दिलेली असते किंवा कोपरे बाहेरच्या बाजूला आहेत हे शब्दांत सांगितलेलं असतं. दोन्ही नसेल तर तो प्रश्नच सदोष आहे.

पेपर काढणाऱ्यांकडून होणारी दुसरी चूक म्हणजे एकमेकांच्या विरोधात जाणारी विधानं. दोन्ही विधानं एकाच परिस्थितीबद्दल खरी असतात, हा या प्रकाराचा न लिहिलेला करार आहे. पहिल्यातून 24 आणि दुसऱ्यातून 25 गुंठे येत असतील तर प्रत्येक एकटं पुरेसं म्हणायचं की नाही, याला उत्तरच नाही. चांगल्या परीक्षांत असं सहसा होत नाही. बाजारातल्या सराव संचांत मात्र हे वारंवार दिसतं, आणि मुलं तासन्‌तास स्वतःची चूक शोधत बसतात. दोन विधानांतून दोन वेगळी उत्तरं आली तर आधी आपली आकडेमोड एकदा तपासावी, ती बरोबर निघाली तर तो प्रश्न खोडून पुढे जावं.

मराठीतून पेपर देणाऱ्यांना एक जादा अडचण आहे. ‘दोन्ही विधाने पुरेशी आहेत’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात. दोन्ही मिळून पुरेशी, आणि दोन्हींपैकी प्रत्येक स्वतंत्रपणे पुरेसं. हे दोन अगदी वेगळे पर्याय आहेत. भाषांतर करणाऱ्याने ‘एकत्रितपणे’ किंवा ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द गाळला की मुलाने योग्य विचार करूनही खूण चुकते. त्यातच प्रत्येक परीक्षेचा पर्यायांचा क्रम वेगळा. शक्यता पाच आहेत, तेव्हा चार पर्यायांच्या पेपरात कुठल्या तरी दोन एकत्र कराव्या लागतात. केंद्रीय आयोगाच्या अलीकडच्या काही प्रश्नांत ‘एका विधानावरून सुटतो पण दुसऱ्यावरून नाही’ असा एकच पर्याय करून पहिलं की दुसरं हा भेदच काढून टाकला होता. बँकेच्या परीक्षांत पाचही पर्याय असतात, पण जीमॅटमध्ये ज्या अक्षराला ‘मिळून पुरेशी’ असतं त्याच अक्षराला तिथे ‘कोणतंही एक पुरेसं’ असू शकतं. दोन परीक्षांची तयारी एकदम करणाऱ्याने पर्याय पाठ करू नयेत. आपला निष्कर्ष आधी शब्दांत लिहावा आणि मग तो पर्यायांत शोधावा.

हा प्रकार परीक्षेत असावा का, यावरही मतं आहेत. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत तो 1959 ते 1974 पर्यंत होता, मग काढून टाकला आणि त्याजागी दोन राशींची तुलना करायचे छोटे प्रश्न आणले. जीमॅटने तो ठेवला, पण 2023 मध्ये नवी परीक्षा आणताना गणिताच्या भागातून काढून माहितीच्या आकलनाच्या भागात नेला. विरोधकांचं म्हणणं असं की यात गणितापेक्षा पर्यायांची ठेवण शिकलेल्याला फायदा होतो, म्हणजे शहरात क्लासची फी भरणाऱ्याला. ही तक्रार निराधार नाही. वरच्या पाच शक्यता पहिल्यांदा बघणारं दौंडचं किंवा शिरूरचं मूल, गणित येत असूनही, पहिल्या पेपरात गोंधळतंच. पण ती ठेवण शिकायला दोन संध्याकाळी पुरतात. त्यानंतर जे उरतं ते खरं गणित. जॉर्ज पोल्या यांनी 1945 च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात उदाहरण हातात घेताच विचारायचे जे प्रश्न दिले, त्यांत दिलेल्या अटी पुरेशा आहेत का, जास्त आहेत का, परस्परविरोधी आहेत का, हे सुरुवातीलाच येतात. माझं मत या प्रकाराच्या बाजूचं आहे, मात्र एका अटीवर: सीसॅटसारख्या पात्रतेच्या पेपरात तो दहावीच्या पातळीवरच राहावा. 2015 पासून केंद्राच्या पेपरात 200 पैकी 66 गुण पुरतात, म्हणजे कापले जाणारे गुण सोडले तर 80 पैकी 27 बरोबर प्रश्न. पातळी वर नेली की मुलं हा प्रकारच सोडून देतात आणि त्यातून शिकण्यासारखं जे आहे ते त्यांच्या हातून जातं.

त्या संध्याकाळी आम्ही तात्यांना पंचवीस गुंठे सांगून पाठवलं नाही. जुन्या मोजणीचं टिपण ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल, त्यात शेताच्या नुसत्या कडा नसतात. शेतातून एक लांब रेषा धरून तिच्यावरून प्रत्येक कोपऱ्यापर्यंतचे लंब साखळी-आण्यांत मोजलेले असतात. भास्कराचार्य जे मागत होते तेच. सरकारी मोजणीचा अर्ज करा हे मी तात्यांना सांगितलं. शिवाय दुसऱ्या दिवशी दोन मुलांना टेप देऊन शेतावर पाठवलं आणि एवढंच मोजून आणायला सांगितलं: एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. 198 फूट भरले. सहा साखळ्या.

तेव्हा घरात असा चार आकड्यांचा कागद असेल तर इसार देण्याआधी पाचवा आकडा मोजून आणा, आणि परीक्षेच्या पेपरात क्षेत्रफळ विचारून नुसत्या चार बाजूच दिल्या असतील तर बिनधास्त या पर्यायावर खूण करा: दोन्ही विधाने एकत्रितपणेही अपुरी.